कार्यालयाची वेळ बदलल्याचे परिपत्रक: कारण किती सांगावे आणि तारीख कशी लिहावी?

अनुपमा_क

आमच्या कार्यालयात साधारण साठ जण काम करतात. सध्याची वेळ सकाळी ९.३० ते सायंकाळी ६.०० अशी आहे आणि ती आता ९.०० ते ५.३० करायची आहे. व्यवस्थापनाचा निर्णय झाला आहे. तो कर्मचाऱ्यांना कळवणारे परिपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जुन्या फायलीतला नमुना समोर ठेवून मी पुढील मसुदा केला.

"सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, प्रशासकीय कारणास्तव कार्यालयीन कामकाजाच्या वेळेत बदल करण्यात येत असून सुधारित वेळ सकाळी ९.०० ते सायंकाळी ५.३० अशी राहील. सदर बदल १ जूनपासून लागू होईल. सर्वांनी नोंद घ्यावी व सहकार्य करावे."

वरिष्ठांना हा मसुदा पुरेसा वाटतो. मला मात्र तो वाचताना काहीतरी लपवल्यासारखे वाटते, आणि नेमके काय ते सांगता येत नाही. आपण असे परिपत्रक कसे लिहिता, किंवा आपल्या हाती असे परिपत्रक आले तेव्हा काय वाटले, हे कृपया सांगावे.

सडेतोड

काय लपवले आहे ते मी सांगतो: कारण. "प्रशासकीय कारणास्तव" या दोन शब्दांचा अर्थ "आम्ही ठरवले, तुम्ही विचारू नका" एवढाच होतो. आमच्याकडे हेच दोन शब्द घेऊन एक परिपत्रक निघाले आणि संध्याकाळपर्यंत त्याची तीन कारणे फिरू लागली. कोणी म्हणाले की जागा विकली जाणार आहे, कोणी म्हणाले की दुसरी पाळी सुरू होणार आहे, तर एकाने कर्मचारी कमी करण्यापर्यंत मजल मारली. खरे कारण एवढेच होते की इमारतीचे मुख्य दार लवकर बंद होऊ लागले होते. ते एका ओळीत लिहिले असते तर कोणी दुसऱ्यांदा वाचलेही नसते.

लेटलतीफ

माझ्यासारख्याला कारणाशी काही देणेघेणे नसते. मी साडेनऊच्या कार्यालयात पावणेदहाला पोहोचतो, नऊच्या कार्यालयात सव्वानऊला पोहोचेन. माझ्या नियमितपणात बदल होणार नाही, याची व्यवस्थापनाने नोंद घ्यावी व सहकार्य करावे.

मुक्ता७

मलाही असाच अर्ज लिहायचा आहे. लहान मूल असल्यामुळे मला साडेनऊऐवजी दहाची वेळ हवी आहे. अर्जात कारण सविस्तर लिहावे की "घरगुती अडचणीमुळे" एवढे पुरेल?

अनुपमा_क

मुक्ता, इथे वेळ कार्यालय बदलत आहे आणि ते कर्मचाऱ्यांना कळवायचे आहे. तुमचा अर्ज उलट्या दिशेचा आहे. तरीही तुमच्या प्रश्नाने मला एक गोष्ट सुचली. आमच्याकडे दोघींना अशीच वेगळी वेळ लेखी मंजूर झालेली आहे, आणि नव्या परिपत्रकाने ती मंजुरी राहते की जाते, याचा उल्लेख माझ्या मसुद्यात नाही.

आस्थापना_शाखा

मी अनेक वर्षे आस्थापनेचे काम केले, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी तारीख घेतो, कारण वाद तिच्यावरून होतात. "१ जूनपासून" यात १ जून धरायचा की नाही, असा प्रश्न पडायला नको असे आपल्याला वाटते, पण तो पडतो. वाराचा उल्लेख नसेल तर तो हमखास पडतो. "सोमवार, दिनांक १ जून २०२६ रोजी सकाळी ९.०० वाजल्यापासून" असे लिहिले की वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर एक ठरावीक सकाळ दिसते. त्याच्या आधीचे वाक्यही लिहावे: "शुक्रवार, दिनांक २९ मे २०२६ पर्यंत सध्याचीच वेळ राहील." (तुमच्याकडे शनिवारी काम असेल तर तो वार घ्यावा.) हे दुसरे वाक्य लोकांना अनावश्यक वाटते. माझा अनुभव असा आहे की परिपत्रक हाती पडलेल्या दुसऱ्या दिवशीच नव्या वेळेला येऊन बंद दारासमोर उभा राहणारा एक तरी प्रामाणिक माणूस प्रत्येक कार्यालयात असतो. त्याच्यासाठी हे वाक्य असते.

परिपत्रक काढल्याची तारीख आणि बदल लागू होण्याची तारीख या दोन्ही कागदावर स्पष्ट असल्या पाहिजेत. "तात्काळ प्रभावाने" हे शब्द वेळेच्या बदलासाठी वापरूच नयेत. माणसाला सकाळची सगळी घडी पुन्हा बसवायची असते. घरातली कामे, येण्याजाण्याची सोय, मुलांना सोडणे असे सारे त्यात येते.

आता कारणाबद्दल. सडेतोड म्हणतात ते खरे आहे, पण कारण सांगायचे म्हणजे बैठकीचे इतिवृत्त लिहायचे नव्हे. काय बदलले, त्यामुळे काय अडते आहे आणि नव्या वेळेने त्यातले किती सुटेल, एवढे सांगितले की पुरे. अनुपमाताई, तुमचे खरे कारण काय आहे?

अनुपमा_क

कारण साधे आहे. आमच्याकडून रोज संध्याकाळी ग्राहकांचा माल आणि त्यासोबतची कागदपत्रे जातात. ती नेणारी गाडी पूर्वी ५.४५ वाजता निघत असे. वाहतूकदाराने आपले वेळापत्रक बदलल्यामुळे एप्रिलपासून ती ५.०० वाजता निघते. त्यामुळे रोज सरासरी चाळीस पाकिटे मागे राहतात आणि दुसऱ्या दिवशी जातात. उशिराच्या तक्रारी वाढल्या आहेत. कार्यालय अर्धा तास लवकर सुरू केले तर गाडी निघण्यापूर्वी अर्धा तास जास्त मिळेल.

सडेतोड

मग हेच लिहा ना! यात प्रशासकीय काय आहे? ही तर गाडीची वेळ आहे.

हिशेबनीस

माझे मत थोडे वेगळे आहे. कारण लिहिले की त्यावर प्रश्न विचारता येतात. उद्या गाडी पुन्हा पावणेसहाला निघू लागली तर लोक म्हणतील की कारण संपले, आता जुनी वेळ परत द्या. कारण न लिहिलेलेच बरे. शिवाय एकूण तास साडेआठचे साडेआठच राहतात. कामाचे तास वाढत नसतील तर पूर्वसूचना देण्याचीही सक्ती नसते. फलकावर कागद लावला की काम झाले.

आस्थापना_शाखा

हिशेबनीस, तासांचा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. एकूण तास तेच राहिल्याने विरोध कमी होतो हे खरे, पण सूचनेची गरज त्यामुळे संपत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ साली कामाच्या तासांविषयी आपला पहिला करार केला. तो कारखान्यांसारख्या उद्योगांसाठी होता. काम सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ मालकाने ठळक जागी लावावी आणि एकदा जाहीर केलेली वेळ ठरवून दिलेली सूचना दिल्याशिवाय बदलू नये, असे त्यात म्हटले आहे. व्यापारी आस्थापना आणि कार्यालये यांच्यासाठी १९३० साली वेगळा करार झाला, आणि सुरुवातीची व शेवटची वेळ जाहीर लावण्याची अपेक्षा त्यातही आहे. म्हणजे तासांची बेरीज सांगून भागत नाही. दिवस कोणत्या घटकेला सुरू होतो आणि कोणत्या घटकेला संपतो, हे कर्मचाऱ्याला कळायला हवे, हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. हे करार ज्या देशांनी मान्य केले त्यांनाच बांधील असतात. सूचना किती दिवसांची द्यायची हे प्रत्येक ठिकाणचा कायदा, स्थायी आदेश आणि नेमणूकपत्र यांवर ठरते. म्हणून परिपत्रकावर सही होण्यापूर्वी नेमणूकपत्रातले वेळेचे कलम एकदा वाचून पाहावे. "कामाची वेळ ९.३० ते ६.०० राहील" एवढेच लिहिलेले असणे आणि "व्यवस्थापन गरजेनुसार बदलेल अशी राहील" असे लिहिलेले असणे यांत फार फरक आहे.

कारण लिहिले की प्रश्न येतात, हेही खरे आहे. पण कारण लिहिले नाही तरी ते येतात. फक्त ते तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत, जिन्यात विचारले जातात.

शब्दशः

भाषेबद्दल दोन शब्द. "बदल करण्यात येत असून सुधारित वेळ अशी राहील" या वाक्यात करणारा कोणी नाही, आणि जुनी वेळ कोणती हेही कुठे सांगितलेले नाही. जुनी आणि नवी वेळ शेजारी शेजारी दिसली पाहिजे. "सुधारित" हा शब्दही मला खटकतो. सुधारणा झाली की नाही हे कर्मचारी ठरवतील. आपण "नवी वेळ" म्हणावे. "सदर" काढला तर वाक्याचे काहीच बिघडत नाही. आणि "सहकार्य करावे" ही विनंती आहे की आज्ञा, हे आजवर कोणालाच कळलेले नाही.

लेटलतीफ

"सहकार्य करावे" म्हणजे हजेरी कापली जाईल. एवढे तर मलासुद्धा कळते, आणि अनुभवाने कळते.

पंचकार्ड

मी हजेरीची संगणकप्रणाली सांभाळतो. या धाग्यावर सगळे कागदाबद्दल बोलत आहेत, पण वेळ बदलताना खरी फजिती माझ्या टेबलावर होते. एक प्रसंग सांगतो.

आमच्या प्रणालीत "सामान्य पाळी" नावाची एक पाळी होती आणि तिची वेळ ९.३० ते ६.०० होती. परिपत्रक निघाले. आमच्यातल्या एका सहकाऱ्याने त्याच पाळीत जाऊन ९.३० पुसले आणि ९.०० लिहिले. काम अर्ध्या मिनिटात झाले. महिनाअखेरीस हजेरीचा हिशेब पुन्हा चालवला, तेव्हा प्रणालीने बदलापूर्वीचे दिवससुद्धा नव्या वेळेने तपासले. जो माणूस जुन्या वेळेप्रमाणे ९.२८ ला आला होता, तो तिच्या दृष्टीने अठ्ठावीस मिनिटे उशिरा आला होता. आमच्याकडे तीन वेळा उशीर झाला की अर्धी रजा जाते. एकूण एक कर्मचाऱ्याच्या रजा कापल्या गेल्या. अगदी ज्या बाई कधीच उशिरा येत नाहीत, त्यांच्याही नावापुढे अकरा लाल खुणा होत्या. त्या माझ्यासमोर छापील कागद घेऊन उभ्या राहिल्या आणि एक शब्दही बोलल्या नाहीत.

जुन्या पाळीला हात लावायचा नसतो. नव्या नावाने नवी पाळी तयार करायची आणि ती ठरलेल्या तारखेपासून लोकांना जोडायची. अनुपमाताई, परिपत्रक काढण्यापूर्वी हजेरी पाहणाऱ्याला तारीख कळवा आणि तुमचा हजेरीचा महिना कोणत्या तारखेला सुरू होतो ते विचारा.

अनुपमा_क

हे मी विचारलेच नव्हते. आत्ता विचारून आले. आमची हजेरी २१ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत धरली जाते. म्हणजे १ जून हा हजेरीच्या महिन्याच्या मध्येच येतो.

हिशेबनीस

मग १ जून चालणारच नाही. एका हजेरीच्या महिन्यात दोन वेळा ठेवता येत नाहीत.

पंचकार्ड

येतात. नवी पाळी तारखेने जोडली तर काही अडत नाही. पण त्या महिन्याचा तक्ता वाचताना वरच्या ओळींना एक नियम आणि खालच्या ओळींना दुसरा, असे होते, आणि प्रत्येक शंकेला उत्तर देत बसावे लागते. जमत असेल तर महिन्याच्या सुरुवातीला बदल करावा. यंदा २१ जूनला रविवार आहे. तुम्हाला रविवारी सुट्टी असेल तर सोमवार, २२ जून ही तारीख हजेरीलाही सोयीची आहे आणि आठवड्याची सुरुवातही आहे.

सडेतोड

पण मग तीन आठवडे रोज चाळीस पाकिटे मागे राहणार. हजेरीच्या तक्त्याच्या सोयीसाठी ग्राहकाने वाट पाहायची का?

पंचकार्ड

हा निर्णय माझा नाही. मी फक्त कोणत्या तारखेला किती डोकेदुखी होईल ते सांगितले.

आस्थापना_शाखा

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. एक मार्ग असा की बदल २२ जूनपासून सर्वांना लागू करावा आणि मधल्या काळात, ज्यांना जमेल त्यांनी स्वेच्छेने नऊ वाजता येऊन साडेपाचला जावे, अशी मुभा द्यावी. पण मुभा दिली तर तिचीही सुरुवात आणि शेवट लिहावा, नाहीतर मुभेची सवय होते आणि मग ती काढायला दुसरे परिपत्रक लागते.

वीणा_प

मी एका कार्यालयात संरचना विभागात काम करते. तिथे असेच घडले होते, म्हणून विचारते. गाडीची अडचण पाठवणी विभागाची आहे ना? मग साठच्या साठ जणांनी लवकर का यायचे? आम्हाला हेच कोणी सांगितले नव्हते. आमच्या कामाचा आणि गाडीचा काडीमात्र संबंध नव्हता, तरी आम्ही नऊला येऊन बसत होतो आणि जे विभागप्रमुख आम्हाला काम देत ते दहाला येत. एक तास आम्ही काचेतून वाहनतळाकडे पाहत असू. कारण दिले होते, पण ते आमचे कारण नव्हते.

अनुपमा_क

वीणाताई, प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे पाठवणी विभागात नऊ जण आहेत. पण पाकीट तयार होते ते लेखा विभागाने बिल केल्यावर, आणि बिल होते ते विभागप्रमुखांनी मागणीला मंजुरी दिल्यावर. फक्त पाठवणी विभाग नऊला आला तर ते साडेनऊपर्यंत बिलांची वाट पाहत बसतील. ही साखळी साधारण पंचेचाळीस जणांची आहे. उरलेल्या पंधरा जणांचा मात्र थेट संबंध नाही. त्यांच्याबद्दल विचारले, तेव्हा "एका कार्यालयात दोन वेळा नकोत" एवढेच उत्तर मिळाले.

वीणा_प

मग साखळी परिपत्रकात लिहा. लेखा विभागातल्या माणसाला आपण या गोष्टीत कुठे आहोत हे दिसेल. आणि त्या पंधरा जणांना "एका कार्यालयात एकच वेळ ठेवण्यासाठी" असे सरळ सांगा. त्यांना ते पटणार नाही, पण गाडीचे कारण त्यांच्या माथी मारले तर ते अधिक चिडतील.

रात्रपाळी

माझे प्रकरण वेगळे आहे, पण तारखेशी जोडलेले आहे. आमची पाळी रात्री १०.०० ते सकाळी ६.०० अशी होती, ती रात्री ९.३० ते पहाटे ५.३० झाली. परिपत्रकात "१५ तारखेपासून" असे होते. आता १४ तारखेच्या रात्री कामावर आलेला माणूस १५ ला सकाळी सहाला सुटेल की साडेपाचला? सहा जण साडेपाचला गेले, चार जण सहापर्यंत थांबले, आणि पुढच्या पाळीचे लोक मात्र सहालाच आले. अर्धा तास एका यंत्रावर कोणीच नव्हते. रात्रीची पाळी असेल तर "१५ तारखेच्या रात्री ९.३० वाजता सुरू होणाऱ्या पाळीपासून" असे लिहावे लागते. अनुपमाताईंच्या कार्यालयात रात्रीची पाळी नसावी, पण पहारेकरी असतील तर त्यांच्यासाठी हे पाहून घ्यावे.

अनुपमा_क

पहारेकरी आहेत आणि ते दुसऱ्या संस्थेमार्फत येतात. दार साडेआठला उघडायचे असेल तर त्यांना वेगळे पत्र द्यावे लागेल, हे लक्षात आले नव्हते. आभारी आहे.

जिज्ञासू_

माझा गणिताचा प्रश्न आहे. गाडी पंचेचाळीस मिनिटे लवकर निघू लागली आणि कार्यालय फक्त तीस मिनिटे लवकर सुरू होत आहे. उरलेल्या पंधरा मिनिटांचे काय? तीन महिन्यांनी पावणेनऊचे परिपत्रक येणार का?

लेटलतीफ

जिज्ञासू, हळू बोला. कोणीतरी वरचे वाचत असेल.

अनुपमा_क

हा प्रश्न मीही वर विचारला. उत्तर असे मिळाले की चाळीस पाकिटांपैकी बहुतेक पाच ते साडेपाचच्या दरम्यान तयार होतात, म्हणून अर्ध्या तासाने त्यांतली बरीचशी जातील. दुपारी चारनंतर आलेल्या मागण्या तशाही दुसऱ्या दिवशीच्या धरायच्या आहेत. म्हणजे सगळी पाकिटे जातील असा दावा नाही.

आस्थापना_शाखा

मग परिपत्रकातही तसा दावा करू नका. "उशीर टळेल" असे लिहिले आणि दहा पाकिटे राहिली, तर लोक म्हणतील की आम्ही लवकर येतो आणि तरी काही उपयोग नाही. "बहुतेक पाकिटे त्याच दिवशी जातील" एवढेच लिहावे. आणि तीन महिन्यांनी आढावा घेणार असाल तर त्याचा महिना लिहा. घेणार नसाल तर आढाव्याचा शब्दही नको.

शब्दशः

आता एकदा पुरा मसुदा टाका. सुट्या मुद्द्यांवर बोलण्यापेक्षा कागद समोर असला की चुका लवकर दिसतात.

अनुपमा_क

आज वरिष्ठांशी बोलणे झाले. तारीख २२ जून ठरली. सडेतोड यांचा आक्षेप मी त्यांच्या कानावर घातला. मधल्या काळात पाठवणी आणि लेखा विभागातल्या इच्छुकांना लवकर येण्याची मुभा मिळाली आहे. नवा मसुदा असा आहे.

"दिनांक २५ मे २०२६. विषय: कार्यालयाच्या वेळेत बदल.

सोमवार, दिनांक २२ जून २०२६ पासून कार्यालयाची वेळ सकाळी ९.०० ते सायंकाळी ५.३० अशी राहील. सध्याची वेळ, म्हणजे सकाळी ९.३० ते सायंकाळी ६.००, शनिवार, दिनांक २० जून २०२६ पर्यंत चालू राहील. कामाचे एकूण तास, साप्ताहिक सुट्टी आणि वेतन यांत कोणताही बदल नाही.

आपला माल आणि कागदपत्रे नेणारी गाडी एप्रिलपासून सायंकाळी ५.४५ ऐवजी ५.०० वाजता निघते. त्यामुळे रोज सुमारे चाळीस पाकिटे दुसऱ्या दिवशी जातात. मंजुरी, बिल आणि पाठवणी ही कामे एकामागून एक होत असल्याने केवळ पाठवणी विभागाची वेळ बदलून उपयोग होत नाही. नव्या वेळेमुळे बहुतेक पाकिटे त्याच दिवशी जाऊ शकतील. ज्या विभागांचा या कामाशी थेट संबंध नाही, त्यांनाही कार्यालयाची वेळ एकच असावी म्हणून हाच बदल लागू होईल.

उशिराची दहा मिनिटांची सवलत कायम असून ती आता ९.१० पर्यंत धरली जाईल. ज्यांना वेगळी वेळ लेखी मंजूर आहे, त्यांची मंजुरी तशीच राहील. दिनांक २५ मे ते २० जून २०२६ या काळात पाठवणी आणि लेखा विभागातील कर्मचारी विभागप्रमुखांना कळवून सकाळी ९.०० ते सायंकाळी ५.३० या वेळेत काम करू शकतील. नव्या वेळेमुळे ज्यांना अडचण येईल, त्यांनी दिनांक ८ जूनपर्यंत प्रशासन विभागाला लेखी कळवावे."

सडेतोड

आता हे माणसाने माणसाला लिहिलेले वाटते. फक्त अडचण कळवल्यावर पुढे काय होणार, हे कुठे आहे? ८ जूनपर्यंत लिहून दिले आणि उत्तर २१ ला आले, तर उपयोग काय?

पंचकार्ड

सवलतीचे वाक्य घातलेत हे बरे केले. अर्धा दिवस कधी धरायचा तेही लिहा. तुमच्याकडे साडेदहानंतर येणाऱ्याचा अर्धा दिवस धरत असतील तर आता दहानंतर धरणार का? हे लिहिले नाही तर पहिल्या आठवड्यात सव्वादहाला आलेला माणूस माझ्यासारख्या कोणाशी तरी भांडणार.

रजेवरची

मी सध्या दीर्घ रजेवर आहे आणि माझ्या कार्यालयात बदललेली वेळ मला एका मैत्रिणीकडून कळली. फलकावरचा कागद रजेवरच्या माणसाला दिसत नाही. तुमच्याकडे जे रजेवर आहेत त्यांना ईमेल किंवा फोन करणार का?

अनुपमा_क

साडेदहाचा नियम आमच्याकडेही आहे. तो दहावर आणायचा की साडेदहालाच ठेवायचा, यावर आत दोन मते आहेत आणि उत्तर उद्या मिळेल. अडचणींचे उत्तर १५ जूनपर्यंत लेखी दिले जाईल, हे वाक्य घातले. रजेवर पाच जण आहेत. त्यांना मी स्वतः ईमेल पाठवून पोच घेणार आहे.

हिशेबनीस

मी अजूनही म्हणतो की गाडीचे कारण लिहिल्यामुळे उद्या ते बांधून घेईल. गाडी पूर्वपदावर आली की पाहा.

आस्थापना_शाखा

येऊ द्या. त्या दिवशी पुन्हा एक परिपत्रक निघेल आणि त्यातही गाडीचीच वेळ लिहिलेली असेल.

वीणा_प

अनुपमाताई, त्या पंधरा जणांपैकी कोणी काही म्हणाले तर इथे जरूर लिहा. आणि जेवणाची सुट्टी किती वाजता, तेही पाहा. आमच्याकडे वेळ बदलली, पण सुट्टी एकचीच राहिली. सकाळ अर्ध्या तासाने लांबली आणि बारानंतर कोणाचेच लक्ष कामात नसे.

अनुपमा_क

सुट्टी खरेच राहिली होती. सध्या ती १.०० ते १.३० आहे. १२.३० ते १.०० केली तर उपाहारगृह चालवणाऱ्यांनाही कळवावे लागेल. आत्ताच त्यांच्याकडे जाऊन येते, मग त्या वाक्यासह मसुदा सहीला पाठवते.